मुलांची पोटगी माझी नव्हती, हे मला कळायला सहा वर्षं लागली

गेल्या महिन्यात आमच्या अर्जावर शेवटची सही झाली. चौदा महिने लागले. या काळात मला जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते आता तारखा आणि आकड्यांसकट लिहून ठेवते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी दोन मुलांसोबत राहते आणि एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. नावं आणि गाव मुद्दामच लिहीत नाही. माझी मुलं हे वाचतील.

सुरुवात २०१८ पासून करावी लागेल. आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा आणि मुलगी सहा. तडजोडीत मला एकरकमी पाच लाख मिळाले आणि मुलांसाठी प्रत्येकी तीन हजार, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला सहा हजार ठरले. शाळेच्या फीबद्दल एक अक्षर नव्हतं. दरवर्षी वाढ किती, मुलं किती वयाची होईपर्यंत पैसे द्यायचे, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. उलट शेवटच्या कलमात होतं की अर्जदार क्रमांक दोन, म्हणजे मी, 'स्वतःसाठी व मुलांसाठी भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही'. सुटायची घाई झाली होती. मी ते वाचलं, आणि सही केली.

२०२१ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. पैसे वेळेवर येत होते. २०२३ मध्ये त्यांना बाळ झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पैसे थांबले. फोनवर उत्तर आलं, "आता माझा संसार वेगळा आहे. तुला पाच लाख दिलेत ना? पोरांचं त्यातून बघ." नंतर एकदा दोन हजार, एकदा पाच, एकदा तीन असे मनाला येईल तसे दहा हजार आले. जुलै २०२४ पर्यंत दहा महिन्यांचे साठ हजार व्हायला हवे होते, म्हणजे पन्नास हजार थकले.

पैसे थकले म्हणून मी कोर्टात गेले असं मला वाटत होतं, पण खरं कारण जून २०२४ मध्ये समोर आलं. मुलगा दहावी झाला आणि त्याला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. खाजगी पॉलिटेक्निक, वर्षाची फी ५२ हजार. सहा हजार वेळेवर आले असते तरी ती फी त्यात बसली नसती, कारण २०१८ मध्ये आम्ही दुसरीतल्या आणि पाचवीतल्या पोरांसाठी आकडा ठरवला होता, आणि पोरं काही तिथेच थांबणार नव्हती.

वकीलमॅडमकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी ती तडजोडीची प्रत आधी पुढे सरकवली आणि म्हणाले, "मी तर सगळं सोडून दिलंय." त्यांनी शेवटचं कलम वाचलं आणि विचारलं, "ताई, हे पैसे कुणाचे?"

"माझे. म्हणजे, मुलांचे."

"मग तुम्ही सोडणाऱ्या कोण?"

माझ्यासाठी सगळा उलगडा तिथे झाला. बायकोची पोटगी आणि मुलांची पोटगी ही दोन वेगळी खाती आहेत. माझ्या खात्यावर मी एकरकमी रक्कम घेऊन पूर्णविराम देऊ शकते, तसा मी दिलाही. पण मुलांचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे. आई सही करून तो संपवू शकत नाही. हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६ मधल्या कलम २० प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल आई आणि वडील दोघांकडेही पोटगी मागू शकतं, आणि त्याच कायद्यात पोटगीच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांच्या बरोबरीने शिक्षण हा शब्द आहे. कलम २५ म्हणतं की हुकुमाने ठरलेली असो वा कराराने, परिस्थिती बदलली तर रक्कम बदलता येते. मुलगा दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात जाणं ही बदललेली परिस्थिती. आणि हो, वडिलांना नवं बाळ होणं हीसुद्धा बदललेली परिस्थितीच. मॅडमनी ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी विचारलं होतं की पोटगीसाठी फौजदारी संहितेचं १२५ कलम लावतात ते का नको. १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. त्याचा फायदा असा की पैसे चुकवले तर वॉरंट निघतं, तुरुंगाची भीती असते. पण त्या कलमाखाली मुलांची पोटगी साधारणपणे वयाच्या अठराव्या वर्षी थांबते. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे मूल स्वतःचं पोट भरू शकत नसेल तरच पुढे चालते. माझी मुलगी २०३० च्या जानेवारीत अठराची होईल. दत्तक-पोटगी कायद्यात अविवाहित मुलीला, ती स्वतःच्या कमाईवर जगू शकत नसेल तर, अठरानंतरही हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हा फरक नीट मांडलाय. म्हणून आम्ही दत्तक-पोटगी कायद्याचा रस्ता धरला.

मुलाचं मात्र तसं नाही. त्या कायद्यात मुलगा अज्ञान असेपर्यंतच. माझा मुलगा ऑगस्ट २०२६ मध्ये अठराचा होणार, म्हणजे डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळीच. मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्या वर्षाचं कायद्याने मिळेलच असं धरून चालू नका. ते कराराने मिळवायचं." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं, पुढे ते फार उपयोगी पडलं.

मॅडमची फी ३५ हजार, तीन हप्त्यांत. नोटरी, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, येणं-जाणं मिळून आणखी चारेक हजार गेले. नंतर कळलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. माझ्या ओळखीतल्या एका बाईने तिथूनच केस चालवली. माहीत असतं तर निदान जाऊन विचारलं असतं.

२२ जुलै २०२४, सोमवार. अर्ज दाखल झाला. पहिल्या पानावर मुलांची नावं अर्जदार म्हणून, आणि त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' आणि मग माझं नाव. अज्ञान पालनकर्ती. २०१८ च्या कागदावर मी अर्जदार क्रमांक दोन होते आणि मुलं मजकुरात कुठेतरी होती. इथे ती वर होती आणि मी खाली. सही करताना मला ते बरं वाटलं.

थकलेल्या पन्नास हजारांसाठी वेगळी दरखास्त टाकली, कारण तो जुन्या हुकुमाचा पैसा होता. आमचा जुना हुकूम दिवाणी असल्याने वसुलीसाठी मुदत भरपूर होती. पण ज्यांच्याकडे १२५ किंवा १४४ चा हुकूम आहे, त्यांनी लक्षात ठेवावं: तिथे थकलेल्या रकमेच्या वॉरंटसाठी ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'बघू, देईल पुढच्या महिन्यात' करत दोन वर्षं काढलेल्या बायका मी त्या कॉरिडॉरमध्ये पाहिल्या.

पहिलं समन्स परत आलं. बेलीफने शेरा मारला होता, 'सदर पत्त्यावर राहत नाहीत'. महिना गेला. दुसरं समन्स त्यांच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं आणि ते लागलं. कंपनीचा पत्ता पहिल्याच अर्जात दिला असता तर हा महिना वाचला असता. तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा सी.एन.आर. नंबर टाकून दिसतात. ते एकदा शिकले आणि वकिलांना दर आठवड्याला फोन करणं थांबलं.

ऑक्टोबरमध्ये समुपदेशकांकडे बसलो. मुलीशी त्या एकट्याने बोलल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मुलांच्या वडिलांना एवढंच सुचवलं की निकाल लागेपर्यंत निदान जुने सहा हजार तरी सुरू करा. नोव्हेंबरपासून ते सुरू झाले. समुपदेशनातून बाकी काही निघालं नाही, पण एवढं निघालं.

मग आलं ते प्रतिज्ञापत्र. मालमत्ता आणि देण्याघेण्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी ते द्यावं लागतं. ते प्रकरण मुळात आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं, आणि तिथेही बायकोची रक्कम वेगळी आणि मुलाची वेगळी होती. मुलाची आधी पाच हजार, पुढे दहा हजार. मुलं मोठी होतात हे तिथल्या हुकुमातच धरलेलं होतं.

माझं प्रतिज्ञापत्र भरताना मी एक चूक केली. पतसंस्थेतलं माझं दोन हजारांचं आवर्ती खातं लिहायला विसरले. लपवायचं नव्हतं, पगारातून परस्पर कापलं जायचं म्हणून डोक्यातच नव्हतं. समोरच्या वकिलांनी ते बरोबर शोधलं आणि पाच मिनिटं मला खोटारडी ठरवलं. दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, एक तारीख गेली. भरण्याआधी वर्षभराचं पासबुक ओळीओळीने वाचा. मी हिशेबाचं काम करते आणि तरी माझं राहिलं.

त्यांचं प्रतिज्ञापत्र डिसेंबरमध्ये हातात आलं. मी ते कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून वाचलं. पगार ७४ हजार. वजावटी: भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर मिळून आठ हजार. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता नऊ हजार. घराचा हप्ता २१ हजार. हातात उरतात ३६ हजार. त्याखाली रकाना होता, 'अवलंबून असलेल्या व्यक्ती'. पत्नी, वय ३१, गृहिणी. मुलगा, वय १ वर्ष. आई, वय ६८. त्या खाली रेघ.

मी पान उलटलं. वाटलं पुढच्या पानावर असतील. नव्हते.

रागापेक्षा मला एक विचित्र पोकळी जाणवली. मी ते पान मुलांना कधीच दाखवलं नाही. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "असू दे. हेच आपल्या उपयोगाचं आहे." आणि झालंही तसंच. जानेवारीतल्या युक्तिवादात न्यायाधीश मॅडमनी तो रकाना बघून त्यांच्या वकिलांना विचारलं, "आणि अर्जदार दोन मुलं? ती कुणावर अवलंबून आहेत?" वकील म्हणाले, ती वेगळ्या कलमात येतात. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेनाने त्या पानावर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या लग्नाचा मुद्दा त्यांनी जोरात मांडला, आणि खरं सांगायचं तर तो पोकळ नव्हता. त्यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा कल्याण डे चौधरी यांच्या प्रकरणातला निकाल दिला. त्यात नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्याला दुसरं मूल होतं, आणि न्यायालयाने हे लक्षात घेऊन पोटगी २३ हजारांवरून २० हजार केली होती. आमच्या मॅडमनी तोच निकाल उचलून धरला. म्हणाल्या, "तीन हजार कमी केले, बंद केली नाही. आम्हीही बंद न होण्याबद्दलच बोलतोय." त्याच निकालात निव्वळ पगाराच्या साधारण २५ टक्के हे माप योग्य धरलंय, तेही त्यांनी वाचून दाखवलं.

एकूण बघता दुसऱ्या लग्नाचा परिणाम असा: पहिल्या मुलांचा हक्क त्याने संपत नाही. नव्या बाळाचं पोट खरं असतं, ते न्यायालय मोजतं, त्यामुळे वाटा थोडा लहान होऊ शकतो. पण आधीच्या दोघांना रकान्याबाहेर ठेवून नव्या तिघांतच पगार वाटता येत नाही. आणि हप्त्यांचं म्हणाल तर कर आणि भविष्य निर्वाह निधी सक्तीचे, ते वजा झाले. स्वतःसाठी घर घ्यायचं म्हणून काढलेलं कर्ज मुलांच्या फीच्या आधी येत नाही, असं हुकुमात स्पष्ट लिहिलं गेलं. त्यामुळे हिशेबासाठी त्यांचं उत्पन्न ३६ नव्हे, ६६ हजार धरलं.

मैत्रिणींनी विचारलेला प्रश्न इथेच निकालात काढते: मी लग्न केलं तर? मला महिन्याची पोटगी मिळत असती तर ती बंद होऊ शकली असती. मुलांची नाही. त्यांचे वडील तेच राहतात.

माझं उत्पन्न पगाराचे २० हजार ४००, आणि त्या पाच लाखांपैकी उरलेल्या तीन लाखांच्या ठेवीचं व्याज महिन्याला साधारण १,६०० धरून २२ हजार मानलं. ठेवीचं व्याज मोजलं म्हणून मी आधी चिडले होते. पण नंतर लक्षात आलं, मुलांचा खर्च एकट्या वडिलांवर टाकायचा नसतो. रजनेश-नेहा निकालही असंच म्हणतो की शिक्षणाचा खर्च सहसा वडिलांनी करावा, आई पुरेसं कमावत असेल तर प्रमाणात वाटून घ्यावा. ६६ आणि २२, म्हणजे तीनास एक.

खर्चाचा तक्ता मी स्वतः केला होता. मुलाची फी ५२ हजार, पुस्तकं आणि परीक्षा सात हजार, बसचा पास पाच हजार. मुलीची शाळा ३२ हजार, व्हॅन १२ हजार, वह्या-पुस्तकं-गणवेश सहा हजार, क्लास १५ हजार. वर्षाचे एक लाख २९ हजार. घरभाडं, किराणा, दूध, गॅस, लाइट यातला मुलांचा वाटा दोन तृतीयांश धरला, त्यात कपडे आणि औषधं घातली, तर महिन्याला सतराएक हजार. शिक्षण आणि घर मिळून २८ हजार. तीनास एक केलं तर वडिलांचे २१ हजार, माझे सात. तेवढे मागितले.

१८ फेब्रुवारी २०२५ ला अंतरिम हुकूम झाला. प्रत्येक मुलाच्या पोषणासाठी महिना साडेपाच हजार, आणि शाळा-कॉलेजच्या फीपैकी ७५ टक्के वडिलांनी परस्पर संस्थेत भरायची. ५२ आणि ३२ मिळून ८४ हजार, त्यातले ६३ हजार वर्षाला. महिन्याच्या हिशेबात धरलं तर सगळे मिळून १६ हजार २५०, त्यांच्या ६६ हजारांच्या जवळजवळ चौथा हिस्सा. आम्ही मागितलेल्या २१ मधून जो फरक पडला, तो मुख्यतः त्यांच्या नव्या संसाराचा होता. मला तो पटला.

क्लासचे पैसे मात्र गेले. क्लास धरायला हरकत नव्हती, पण माझ्याकडे पावती नव्हती. घरी शिकवणाऱ्या बाई, त्यांना दर महिन्याला रोख देते, वहीच्या मागच्या पानावर त्या टिक करतात. ती वही मी दाखवली. ती काही पुरावा म्हणून चालली नाही. तेव्हापासून मी बाईंना ऑनलाइन पैसे पाठवते आणि 'जून, इंग्रजी-गणित' असं लिहिते. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी आधीचं एक वर्ष पावत्या जमवायला घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

फी परस्पर संस्थेत भरायची ही अट मला सुरुवातीला माझ्यावरचा अविश्वास वाटली. त्यांनीच ती मागितली होती, 'पैसे खरंच शाळेत जातात का बघू' म्हणून. पण व्यवहारात ती माझ्याच सोयीची ठरली. महिन्याच्या रकमेवरून भांडण काढता येतं, पॉलिटेक्निकच्या छापील पावतीवरून नाही. फी वाढली तर ७५ टक्के आपोआप वाढतात, पुन्हा कोर्टात जावं लागत नाही. आज नवा करार करणाऱ्या कुणालाही मी सांगेन की शिक्षणाचा आकडा रुपयांत लिहू नका, टक्क्यांत लिहा.

हुकूम अर्जाच्या तारखेपासून लागू झाला. ऑगस्ट ते फेब्रुवारी सात महिन्यांचे ७७ हजार, अधिक त्या वर्षाच्या फीतले ६३ हजार जे मी पतसंस्थेतून कर्ज काढून भरले होते, म्हणजे एक लाख ४० हजार. त्यातून नोव्हेंबरपासून आलेले २४ हजार वजा. उरलेले एक लाख १६ हजार चार हप्त्यांत द्यायचे ठरले. तिसरा हप्ता तीन आठवडे उशिरा आला, बाकी वेळेवर. दरखास्तीतले पन्नास हजारही एप्रिलमध्ये जमा झाले. पगारावर जप्तीचा अर्ज तयार होता, तो टाकायची वेळ आली नाही.

अंतरिम हुकमानंतर हवा बदलली. कायम हुकूम साधारण काय असेल ते दोघांनाही दिसलं होतं. जूनमध्ये प्रकरण मध्यस्थीकडे गेलं. तीन बैठका झाल्या. तिथे माझ्या डायरीतलं ते वाक्य कामाला आलं. मुलाचं तिसरं वर्ष मला हवं होतं, आणि कायदा माझ्या बाजूने भक्कम नव्हता. मध्यस्थांनी विचारलं, बदल्यात काय सोडता? मी दरवर्षी दहा टक्के वाढीचा आग्रह सोडला, त्या जागी दर जूनला प्रत्येकी पाचशे रुपये मान्य केले, आणि क्लासचा मुद्दा सोडला.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला पास होत राहावं लागेल." मध्यस्थांनी ते लगेच कलमात घातलं: डिप्लोमा पूर्ण होईपर्यंत, जास्तीत जास्त जून २०२८, म्हणजे एक वर्ष नापास व्हायची सवलत धरून. त्या क्षणी मला ते मुलाचे वडील वाटले. बऱ्याच वर्षांनी.

१६ सप्टेंबर २०२५ ला समझोता वाचून सह्या झाल्या आणि त्याप्रमाणे हुकूम झाला. ऑक्टोबरपासून प्रत्येकी साडेसहा हजार. मुलासाठी डिप्लोमा होईपर्यंत, मुलीसाठी ती कमावती होईपर्यंत किंवा तिचं लग्न होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. फीचे ७५ टक्के, संस्था जी असेल ती, पण वर्षाची फी दीड लाखांच्या वर जाणार असेल तर प्रवेशाआधी एकमेकांना लेखी कळवायचं. ही शेवटची अट त्यांची. त्यांचं नवं बाळही तेव्हा शाळेत असेल, मला ती गैर वाटली नाही. माझ्या नावाने या हुकुमात एक रुपयाही नाही, आणि असू नये असंच मी सांगितलं होतं. पैसे ज्या खात्यावर येतात ते खातंही मी वेगळं काढलंय, माझा पगार त्यात जात नाही. पुढेमागे कुणी विचारलं तर पासबुक उघडून ठेवता येतं.

गेल्या आठवड्यात मुलीच्या दुसऱ्या सत्राची फी होती, १६ हजार. बारा हजार तिच्या वडिलांनी ऑनलाइन भरले होते. मी उरलेले चार हजार घेऊन खिडकीशी गेले. तिथल्या ताईंनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, "थोडी आधीच भरलीय की. एकत्र करून एकच पावती देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "दोन द्या. वेगवेगळ्या."